412 जीबी फोटो आणि टकटक करणारी डिस्क

आत्याचा फोन आला तेव्हा तिने एकच वाक्य सांगितलं, "अरे, फोटोंची डिस्क घड्याळासारखी वाजतेय." मी विचारलं, "कधीपासून?" तर म्हणाली, "आवाज कालपासून, पण हळू तर महिनाभर चाललीय. दादाने काल काहीतरी दुरुस्तीचं चालवलं, त्यानंतर वाजायला लागली."

या वाक्यात अख्खं प्रकरण आलं होतं. ते नीट लिहून ठेवतोय, कारण फोटो क्लाउडवर ठेवू की हार्ड डिस्कवर असं मला अधूनमधून कोणी ना कोणी विचारतं आणि दर वेळी मला आत्याचंच घर आठवतं. तिच्याकडे दोन्ही होतं. तरीही फोटो गेले.

काय होतं, कुठे होतं

आत्याच्या घरातले फोटो 1988 पासूनचे. जुने अल्बम 2011 मध्ये दादाने (म्हणजे माझ्या आतेभावाने) बसून स्कॅन केले. 2003 पासून डिजिटल कॅमेरा होता, 2013 पासून फोन. मिळून 68 हजारांच्या आसपास फायली, 412 जीबी. हे सगळं 2014 मध्ये घेतलेल्या 1 टीबीच्या पोर्टेबल डिस्कवर होतं, आणि घरात त्या डिस्कला 'बॅकअप' असंच म्हणत.

बॅकअप कशाचा, हे मी विचारलं तेव्हा सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सुरुवातीला फोटो लॅपटॉपवर होते आणि डिस्कवर त्यांची कॉपी होती. मग लॅपटॉप भरला. "डिस्कवर आहेतच की," म्हणून लॅपटॉपवरचे उडवले. त्या दिवशी डिस्क बॅकअप राहिली नाही, ती एकुलती एक मूळ प्रत झाली. नाव मात्र तेच राहिलं, आणि नावामुळे नऊ वर्षं कोणाला काळजी वाटली नाही.

दुसरी जागा म्हणजे क्लाउड. काका आणि आत्या दोघांचेही फोन एकाच खात्यावर होते आणि फोटो आपोआप वर जात होते. तिसरी जागा कोणाच्या लक्षातच नव्हती: माळ्यावर एका खोक्यात 2003 ते 2008 मधल्या 31 सीडी-डीव्हीडी.

आदल्या दिवशीची दुरुस्ती

दादाने केलं ते कोणीही केलं असतं. डिस्क लावली की विंडोज सांगायचं, `You need to format the disk in drive E: before you can use it.` फॉरमॅट करायचं नाही एवढं त्याला कळत होतं, म्हणून त्याने शोधाशोध करून `chkdsk E: /f` चालवलं. ते चार तास चाललं, संपलं, आणि डिस्क उघडली. पण 2009 आणि 2010 ची फोल्डरं अर्धी रिकामी होती आणि `FOUND.000` नावाचं एक नवीन फोल्डर आलं होतं. त्यात `FILE0000.CHK`, `FILE0001.CHK` अशा नावांच्या शेकडो फायली.

`chkdsk` हे डिस्कवरच्या यादीची डागडुजी करतं. कोणती फाईल कुठल्या जागेवर आहे याची ती यादी. डिस्कचं अंग धड असेल आणि नुसती यादी बिघडली असेल, उदाहरणार्थ केबल मध्येच निघाली असेल, तर ते कामाचं आहे. इथे डिस्कचा पृष्ठभागच जात होता. वाचता न आलेल्या यादीतल्या नोंदी त्याने चुकीच्या समजून काढल्या आणि त्या नोंदींचे फोटो अनाथ फायली करून बाजूला टाकले. वर चार तास मरणासन्न डिस्कवर लिहिणं-वाचणं झालं ते वेगळंच.

म्हणून आधी काय बिघडलंय ते ओळखायचं, हात नंतर लावायचा. प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची एक नोंदवही ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. ती `CrystalDiskInfo` सारख्या छोट्या मोफत प्रोग्रॅममध्ये दिसते. त्यातल्या सगळ्या ओळी बघत बसायची गरज नाही. मी दोनच बघतो: `05`, म्हणजे खराब निघाल्यामुळे बदललेल्या जागा, आणि `C5`, म्हणजे वाचता येत नाहीत पण अजून बदलल्याही नाहीत अशा जागा. धडधाकट डिस्कवर दोन्हींच्या कच्च्या आकड्याच्या रकान्यात शून्य असतं. आत्याच्या डिस्कवर `C5` समोर `B8` होतं. हा प्रोग्रॅम आकडे षोडशमान पद्धतीत दाखवतो, म्हणजे B8 चे झाले 184. वर पिवळ्या चौकोनात `Caution`. हा आकडा महिनाभर आधी, डिस्क नुसती हळू झाली होती तेव्हा कोणी बघितला असता, तर फायली साध्या कॉपी करून निघाल्या असत्या असं मला जवळजवळ खात्रीने वाटतं. फोल्डर उघडायला मिनिट लागायला लागणं हीच पहिली हाक असते. टकटक फार उशिरा येते. डिस्कचं वाचणारं डोकं पृष्ठभागावरची खूण शोधतं, सापडत नाही, परत जागेवर जातं आणि पुन्हा शोधतं, तो तो आवाज.

डिस्कमधून जेवढं निघेल तेवढं

मी फोनवर एवढंच सांगितलं की डिस्क काढून ठेव, उघडून बघू नका, मी येईपर्यंत लावू नका. काकांनी विचारलं, "एकदा लावून फक्त लग्नाचं फोल्डर काढून घेऊ का?" मी म्हटलं, "काका, तुम्ही एक फोल्डर काढायला जाल आणि डिस्कची उरलेली दहा मिनिटं नेमकी त्यातच संपतील."

टकटक सतत असेल आणि डिस्क संगणकाला दिसतच नसेल, तर घरी काहीही करू नये. ते काम धूळमुक्त खोलीत डिस्क उघडणाऱ्यांचं आहे. इथे आवाज अधूनमधून होता आणि डिस्क दिसत होती, म्हणून मी प्रयत्न केला. या धोक्याची कल्पना आत्याला आधी दिली आणि तिने हो म्हटल्यावरच हात घातला.

अशा डिस्कवरून फाईल-फाईल कॉपी करायची नसते. कॉपी करणारा प्रोग्रॅम एका खराब जागी अडतो, तिथेच पुन्हा पुन्हा डोकं आपटतो, आणि पुढचं चांगलं असलेलं सगळं तसंच राहतं. म्हणून लिनक्सवर `ddrescue` वापरलं. हे फायली बघतच नाही. डिस्कचा पहिल्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंतचा छाप दुसऱ्या डिस्कवर घेतं, अडलं की ती जागा नोंदवून उडी मारून पुढे जातं, आणि सोपं सगळं आधी बाहेर काढतं. छाप ठेवायला नवीन 2 टीबीची डिस्क घेतली.

```
ddrescue -d -n /dev/sdb photo.img photo.map
ddrescue -d -r3 /dev/sdb photo.img photo.map
```

पहिली ओळ म्हणजे अवघड जागा सोडून झरझर पुढे जा. दुसरी म्हणजे आता राहिलेल्या जागा तीन-तीनदा वाचून बघ. `photo.map` ही नोंदवही महत्त्वाची. वीज गेली, डिस्क मध्येच बंद पडली, तरी काम सोडलं तिथून पुढे सुरू होतं. पहिल्या फेरीला अकरा तास लागले, दुसरी दोन रात्री चालली. डिस्क गरम होत होती म्हणून मध्ये दोनदा थांबवून गार होऊ दिली. शेवटी न वाचलेलं राहिलं 37 एमबी.

1 टीबीतले 37 एमबी म्हणजे काहीच नाही असं दादाला वाटलं. पण ते एका जागी नव्हते. डिस्कभर चार-चार केबींच्या तुकड्यांनी शिंपडलेले होते, आणि जेपेग फोटोला एक तुकडा पुरतो. फोटो वरून खाली ओळीने दाबून साठवलेला असतो, प्रत्येक भाग आधीच्या भागाच्या आधाराने उलगडतो. मध्ये चार केबी गेले की तिथून खाली एक तर राखाडी पट्टा येतो, नाहीतर चित्र बाजूला सरकून रंग हिरवे-जांभळे होतात. वरचा भाग मात्र अगदी स्वच्छ.

आता 68 हजारांतले असे फोटो कोणते, हे शोधायचं कसं? एकेक उघडून बघायला महिना गेला असता, आणि छोट्या चौकटीत तर सगळे धडच दिसतात, कारण ते छोटं चित्र फाईलच्या सुरुवातीला वेगळं साठवलेलं असतं. इथे `ddrescue` ची एक युक्ती आहे. छापात ज्या जागा रिकाम्या राहिल्या तिथे एक ओळखीचा शब्द भरून टाकायचा आणि मग तो शब्द कोणत्या फायलींत निघतो ते शोधायचं.

```
printf "FUTLELI-JAGA " > khun.txt
ddrescue --fill-mode=- khun.txt photo.img photo.map
grep -rl "FUTLELI-JAGA" /mnt/photo
```

शेवटची ओळ छाप माउंट केल्यावर चालवायची. काही तासांत यादी आली: 214 फोटो. बाकी सगळे धड. `FOUND.000` मधल्या अनाथ फायलींची नावं गेली होती, पण कॅमेऱ्याने फोटोच्या आत लिहिलेली तारीख तशीच होती, म्हणून त्या तारखेवरून नावं देऊन त्या आपापल्या वर्षात परत गेल्या.

क्लाउडवर काय सापडलं

दादा पहिल्यापासून म्हणत होता, "फोनचे तर क्लाउडवर आहेतच." 214 पैकी 57 फोटो फोनचे होते. क्लाउडवर त्यातले सापडले 22.

बाकीचे का नव्हते, याची दोन कारणं निघाली. पहिलं म्हणजे खात्याची मोफत जागा 2022 च्या उन्हाळ्यात भरली होती. त्यानंतर एकही फोटो वर गेला नव्हता. फोनवर सूचना येत होती, पण रोज येणारी सूचना कोण वाचतं? आत्या ती अंगठ्याने बाजूला सारत होती. दुसरं कारण जास्त दुखलं. फोन भरला की आत्या फोटोंच्या अ‍ॅपमध्ये जाऊन जुने फोटो डिलीट करत असे. ते क्लाउडवर आहेत, डिस्कवरही उतरवलेत, मग फोनमधले काढले तर काय बिघडलं, असा तिचा हिशोब. पण ते अ‍ॅप म्हणजे क्लाउडचीच खिडकी होती. फोन आणि क्लाउड जुळते ठेवणं हे त्याचं काम, म्हणून इथून काढलं की तिथूनही गेलं.

सिंक आणि बॅकअप यांतला हा फरक घरोघरी चुकतो. सिंक दोन जागा सारख्या ठेवतं, आणि तुमची चूकही तितक्याच इमानाने दोन्हीकडे करतं. परत मिळवायला कचरापेटी असते, पण तिला मुदत असते. गूगल फोटोजमध्ये वर गेलेला फोटो डिलीट केल्यावर 60 दिवस राहतो, आयक्लाउडमध्ये 30 दिवस. आत्याने डिलीट केलेल्यांना वर्ष होऊन गेलं होतं. फोनमधली जागा रिकामी करायची असेल तर या अ‍ॅपमध्ये त्यासाठी वेगळी सोय असते, जी फक्त फोनमधली प्रत काढते आणि क्लाउडवरची ठेवते. डिलीटची कचऱ्याच्या डब्याची खूण मात्र दोन्हीकडची काढते.

जे 22 सापडले ते मूळ आकाराचे नव्हते. जागा वाचवणारा पर्याय कधीतरी निवडलेला होता, म्हणून ते दाबून लहान केलेले होते. पडद्यावर फरक कळत नाही, मोठा प्रिंट काढला तर कळतो. आम्ही ते घेतले, तक्रार करायची ती वेळ नव्हती.

मग उरलेल्यांची शोधाशोध. 61 स्कॅन खराब झाले होते, पण त्यांचे अल्बम कपाटात होते. चार फोटो सोडून बाकीचे पुन्हा स्कॅन केले. ज्यांना घरात जुनाट समजत होते ते कागदी अल्बम या सगळ्यात सर्वात भरवशाची प्रत निघाले, याची मला अजून गंमत वाटते. कॅमेऱ्याचे 96 होते. माळ्यावरच्या 31 डिस्कपैकी 5 अजिबात वाचल्या नाहीत, उरलेल्यांतून 58 फोटो मिळाले. फोनच्या उरलेल्या 35 पैकी 14 नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅपमधून परत आले, पण व्हॉट्सअ‍ॅप साध्या पाठवणीत फोटो लहान करतं आणि कॅमेऱ्याने आत लिहिलेली तारीखही काढून टाकतं. 12 मेगापिक्सेलचा फोटो लांबीला साधारण 1600 पिक्सेलचा होऊन आला, कधीचा ते आत्याच्या आठवणीवरून.

हिशोब करता 63 फोटो गेले. काही पूर्ण, बरेचसे अर्धे.

मग आता कुठे ठेवायचे

आठवड्याने सगळे बसलो. दादाचं म्हणणं, डिस्कचा भरवसा नाही, सगळं क्लाउडवर टाकू. काकांचं म्हणणं नेमकं उलटं: "माझी वस्तू माझ्या कपाटात पाहिजे. उद्या त्यांनी खातं बंद केलं तर मी कुणाचं दार वाजवू?"

दोघांचंही खरं होतं, कारण दोन्ही जागा वेगवेगळ्या कारणांनी मरतात. डिस्क शरीराने मरते. पडते, झिजते, चोरीला जाते, पाण्यात भिजते, आणि लावलेली असताना संगणकात खंडणीचा व्हायरस शिरला तर तिच्यावरच्या फायलींनाही कुलूप लागतं. क्लाउडमधल्या एखाद्या यंत्राची डिस्क मेली तर तुम्हाला कळतही नाही, कारण तिथे प्रत्येक फाईलच्या प्रती अनेक यंत्रांवर असतात. क्लाउड तुमच्यापुरता मरतो तो खात्याने: पासवर्ड विसरला, ज्या नंबरवर कोड येतो तो फोन गेला, पैसे भरायचे राहिले, किंवा आत्यासारखं आपल्याच हाताने डिलीट झालं. दोन्ही एकाच दिवशी मरतील असं एकही कारण मला सापडेना. म्हणून या घराला मी दोन्ही ठेवायला सांगितलं, पण प्रत्येकाचं काम ठरवून दिलं.

मूळ संग्रह एका नवीन 2 टीबीच्या डिस्कवर, घरात. तशीच दुसरी डिस्क दादाच्या घरी, कुठेही न लावता नुसती ठेवलेली. दर तीन महिन्यांनी ती येते, नवे फोटो घेते, तपासली जाते, परत जाते. दादाला एसएसडी घ्यायची होती, कारण ती पडली तरी फुटत नाही. रोज वापरायला ती उत्तम. पण एसएसडी विद्युतभाराच्या रूपात माहिती धरून ठेवते, आणि वीज न मिळता वर्षानुवर्षे पडून राहिली तर तो भार ओसरू शकतो. कपाटात ठेवायला साधी फिरती डिस्क बरी.

तिसरी प्रत क्लाउडवर, पण फोटोंच्या अ‍ॅपमध्ये नाही. साधी फायली ठेवायची जागा घेतली, 2 टीबीची, जिथे फोल्डर जसंच्या तसं वर जातं, फाईल लहान होत नाही, आणि इथे डिलीट केलं तरी तिथलं जात नाही अशी एकतर्फी पाठवणी लावता येते. फोनचं अ‍ॅप रोजच्या बघण्या-दाखवण्यासाठी राहिलं, फक्त त्याला कोणी आता प्रत म्हणत नाही.

यात दोन गोष्टींनी आम्हाला वेळ घ्यायला लावला. एक, वर चढवणं. जोडणी वेगवान आहे असं काका सांगत होते, पण तो वेग खाली उतरवायचा. वर जायचा वेग 10 एमबीपीएस निघाला. 412 जीबी म्हणजे न थांबता 92 तास, पावणेचार दिवस. घरात इतरांनाही नेट लागतं, म्हणून रात्रीच चालवलं आणि अकरा रात्री लागल्या. उलट बाजूने विचार करा: डिस्क मेली आणि सगळं क्लाउडवरून परत आणायचं, तर तेही दुपारच्या कामाचं नाही. दादाच्या घरची दुसरी डिस्क त्यासाठीही हवी.

दुसरी गोष्ट मला आधी सुचली नव्हती, आत्याने दाखवून दिली. काही जुन्या स्कॅनवर तिने फोटोंच्या अ‍ॅपमध्ये दोन वर्षं बसून तारखा घातल्या होत्या आणि खाली कोण-कोण आहे ते लिहिलं होतं. आम्ही ते फोटो तिथून उतरवले, तर सगळ्या स्कॅनवर तारीख 2011 ची, आणि नावं गायब. अ‍ॅपमध्ये लिहिलेलं अ‍ॅपच्याच वहीत राहतं, फोटोच्या फायलीत जात नाही. सगळं एकदम उतरवून घेतलं की ही माहिती प्रत्येक फोटोशेजारी एका वेगळ्या `.json` फायलीत येते. गूगलच्या टेकआउटमधून उतरवलं तर असंच दिसतं. पहिल्यांदा बघणारा माणूस त्या फायली कचरा समजून उडवतो. आम्ही त्या ठेवल्या आणि `exiftool` ने त्यातल्या तारखा आणि मजकूर फोटोंच्या आत लिहिले. एखादाच फोटो असेल तर असं होतं:

```
exiftool "-DateTimeOriginal=1991:05:12 09:00:00" scan_0147.jpg
```

आता ते फोटो कुठल्याही अ‍ॅपमध्ये, कुठल्याही डिस्कवर 1991 मध्येच दिसतात.

कॉपी झाली हे कशावरून

दोन्ही डिस्क भरून झाल्यावर दादा म्हणाला, "झालं, 100 टक्के दाखवतंय." मी मूळ फोल्डरमध्ये बसून प्रत्येक फायलीच्या ठशाची यादी बनवली. फायलीतला एक अंश जरी बदलला तरी तिचा ठसा पूर्ण बदलतो. मग तीच यादी दुसऱ्या डिस्कच्या फोल्डरमध्ये तपासायला दिली.

```
find . -type f -exec sha256sum {} + > ../yadi.txt
sha256sum -c --quiet ../yadi.txt
```

पहिली ओळ मूळ डिस्कवर, दुसरी यादी सोबत नेऊन नव्या डिस्कवर. सगळं जुळलं तर दुसरी ओळ काहीच बोलत नाही. ती तीनदा बोलली. शेवटच्या फोल्डरमधल्या तीन फायलींपुढे `FAILED`. नावं बरोबर, आकार बाइटपर्यंत बरोबर, आणि आत नुसती शून्यं. पडद्यावर 100 टक्के दिसल्या दिसल्या दादाने केबल काढली होती. लिनक्स आधी माहिती स्मृतीत घेतं आणि मागाहून डिस्कवर उतरवतं, त्यामुळे पडद्यावरचं संपणं आणि डिस्कवरचं संपणं यांत काही सेकंद जातात. तीन फायली पुन्हा टाकल्या, डिस्क रीतसर इजेक्ट केली, पुन्हा तपासलं, गप्प. क्लाउडवरून 2009 चं एक फोल्डर उतरवून तेही त्याच यादीशी ताडून बघितलं, जुळलं.

दर तिमाहीला हेच करायचं ठरलं आहे: दादाच्या घरून डिस्क येते, `C5` शून्य आहे का बघायचं, यादी चालवायची, नवे फोटो घालून नवी यादी करायची. अर्धा दिवस जातो, पण त्यातला माणसाचा वेळ वीस मिनिटं.

कुलूप लावायचं का, यावर बराच वाद झाला. पोर्टेबल डिस्क चोरीला गेली तर फोटो दुसऱ्याच्या हातात, म्हणून दादाला पासवर्ड हवा होता. मी नको म्हटलं. या घरात गेल्या दहा वर्षांत चोरी एकदाही झाली नाही, पासवर्ड मात्र दरवर्षी विसरले जातात, आणि कुलूप लावलेल्या डिस्कची किल्ली हरवली की फोटो गेले, ते `ddrescue` ही आणू शकत नाही. जिथे कागदपत्रं किंवा खाजगी काही असेल तिथे माझं उत्तर वेगळं असेल.

क्लाउडचं खातं काकांच्या नावावर आहे. त्याचे एकदाच वापरायचे कोड कागदावर छापून ती पाकिटं दोन घरांत ठेवली, आणि खातं बराच काळ वापरलं गेलं नाही तर दादाला प्रवेश मिळावा अशी नोंद खात्याच्या सेटिंगमध्ये केली. ही नोंद करताना काका थोडे गप्प झाले. मग म्हणाले, "लिही, लिही. आणि पैसे भरायची तारीखही त्याच्याच फोनवर टाक."

त्या 63 फोटोंचं जे काही उरलं होतं त्याचं काय करायचं हे मी आत्याला विचारलं. मला वाटलं होतं ती काढून टाक म्हणेल. तिने त्यांचं वेगळं फोल्डर करायला लावलं, `अर्धे` नावाचं. त्यातल्या एकात खाली सगळं राखाडी आहे आणि वर आजीचा चेहरा, चष्म्यासकट, पूर्ण आहे. तेही फोल्डर आता यादीत आहे, तिन्ही ठिकाणी.